कॅमेरा भाड्याने द्यायचाय: दिवसाचा दर, आठवड्याचा दर आणि डिपॉझिट किती ठेवावं?

राजारामपुरी_क्लिक

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात माझा छोटा स्टुडिओ आहे, लग्नाची आणि प्रॉडक्टची कामं करतो. दोन सीझनपूर्वी सोनीची ए सेव्हन फोर बॉडी आणि 24-70 दोन-पॉइंट-आठ लेन्स घेतली. बॉडी बिलावर 2 लाख, लेन्स दीड लाख. माझी कामं नसतात तेव्हा दोन्ही कपाटात सिलिका जेलसोबत बसून असतात. शिवाजी विद्यापीठाची पोरं, शॉर्टफिल्मवाले, जिल्ह्यातले फोटोग्राफर विचारत असतात, "दादा, एक दिवस द्या की". आता दुसरा सेट घेऊन रीतसर भाड्याचा धंदा सुरू करायचा विचार आहे.

प्रश्न तीन. दिवसाचा दर काढायचा कसा? आठवड्याला घेणाऱ्याला किती कमी करायचं? आणि साडेतीन लाखांची वस्तू देताना डिपॉझिट किती मागायचं, की गिऱ्हाईक पळून जाणार नाही आणि मालही पळून जाणार नाही?

गावातला एक जण हाच सेट 1,800 ला देतो असं कळलंय. त्याच्या खाली जाऊ का, हाही प्रश्न आहे.

---

अमोल_सांगली

सोपं आहे मित्रा. किमतीच्या एक टक्का रोजचं भाडं, सगळीकडे हाच हिशेब चालतो. साडेतीन लाख म्हणजे दिवसाला 3,500. आठवड्याला पाच दिवसांचे पैसे. डिपॉझिट वस्तूच्या किमतीएवढं. नसेल तर ओरिजिनल आधार आणि बाईकचं आरसी बुक ठेवून घ्यायचं. कोण पळतोय मग?

---

भटक्या_विमुक्त

मे महिन्यात आम्ही लडाखला निघालोय, आठ दिवस. तुमच्याकडे 24-70 सोबत वाइड मिळेल का? आणि थंडीत बॅटरी किती चालते?

---

राजारामपुरी_क्लिक

@भटक्या_विमुक्त, भावा, दुकान अजून उघडलंच नाही, तू गिऱ्हाईक म्हणून आलास! बॅटऱ्या तीन तरी ने, रात्री झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घे. पण थांब, तुझा आठ दिवसांचा प्रश्न मला खाली उपयोगी पडणार आहे.

@अमोल, 3,500 ला कोल्हापुरात कोण घेईल रे?

---

सुमेधा_पुणे

पुण्यात आमचं भाड्याचं दुकान आहे, सासऱ्यांच्या रीळवाल्या कॅमेऱ्यांपासूनचं. सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न फोनवर पण फार येतो.

एक टक्का हा नियम नाही, महागड्या आणि स्वस्त वस्तूंच्या मधला कुठलातरी आकडा आहे तो. पाच हजारांचा ट्रायपॉड एक टक्क्याने 50 रुपयांना देणार का? चहापाण्यात जातील. ट्रायपॉडला, लाइट स्टँडला, बॅटरीला तीन-चार टक्के लागतात, नाहीतर काढून देण्याची आणि परत घेऊन तपासण्याची मजुरीही सुटत नाही. उलट साडेतीन लाखांच्या सेटला एक टक्का छोट्या शहरात चालत नाही. म्हणून टक्क्याने न जाता खर्चाने जा.

तुमच्याच सेटचं करून दाखवते. समजा तीन वर्षं वापरून तो निम्म्या किमतीला विकलात. म्हणजे तीन वर्षांत पावणेदोन लाख घसारा, वर्षाला 58 हजार. अडकलेल्या भांडवलाचं व्याज धरा, सरासरी गुंतवणूक 2 लाख 60 हजारांच्या आसपास राहते, 12 टक्क्यांनी 31 हजार. विमा आणि सर्व्हिसिंग मिळून 17 हजार. बेरीज 1 लाख 6 हजार. हा खर्च सेट कपाटात असला तरी होणारच.

आता यात तुमचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा येतो: वर्षात किती दिवस तो बाहेर जाणार? सुरुवातीला सगळे 150 धरतात. तुम्ही 70 धरा. मग एका दिवसाचा नुसता खर्च 1,500 च्या वर जातो. यात दुकानाचं भाडं, वीज, तुमची मजुरी, काहीच नाही. 2,500 दर ठेवलात तर 43 व्या दिवशी खर्च निघतो, पुढचे 27 दिवस तुमचे. 1,800 दर ठेवलात तर 59 दिवस खर्च भरण्यातच जातात. तो 1,800 वाला एकतर सेट जुना, पूर्ण वसूल झालेला देतोय, नाहीतर त्याने घसारा धरलेलाच नाही. त्याच्या खाली जाऊन तुम्ही त्याचा तोटा आपल्या अंगावर घ्याल.

---

राजारामपुरी_क्लिक

ताई, व्याजसुद्धा धरायचं? पैसे माझेच आहेत, कर्ज नाही.

---

सुमेधा_पुणे

तुमचेच असले तरी ते एफडीत असते तर व्याज आलं असतं ना? ते नाही आलं हाही खर्चच. हवं तर 7 टक्के धरा. आकडा कमी होईल, पण शून्य धरू नका.

---

नागपूरचा_वाघोबा

इकडे धंदा अगदी उलटा आहे भाऊ. मी 200-600 देतो, ताडोबाला जाणारे लोकं नेतात. त्यांना दिवसाचा भाव लागतच नाही. कोणी एका दिवसासाठी लेन्स मागितली तर समजायचं नुसता चाळून बघणार. सफारीवाला तीन-चार दिवस नेतो, शनिवार-रविवार धरून. म्हणून माझ्याकडे बोर्डवर आधी तीन दिवसांचा दर लिहिलेला आहे आणि मग आठवड्याचा. दिवसाचा विचारला तर तीन दिवसांच्या निम्मा सांगतो. मंगळवारी ताडोबा बंद असते, त्यामुळे माझा मंगळवार लेन्स धुण्यापुसण्याचा. पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर बंद, मग लेन्स पण सुटीवर. तेव्हा एक महिन्याला मागणारा आला तरी मी पाव भावात देऊन टाकतो, कारण तेव्हा मागणारा तोच एक.

मला म्हणायचं इतकंच की तुझं गिऱ्हाईक कोण हे ठरव, मग दर ठरव.

---

सुमेधा_पुणे

वाघोबा, शेवटचं वाक्य लाखाचं. आता कोल्हापूरच्या आठवड्याकडे येते.

आठवड्याचा दर म्हणजे गिऱ्हाईकाला दिलेली सूट असं समजलं की गोंधळ होतो. खरा प्रश्न असा की तो सेट या आठवड्यात इथे राहिला असता तर किती मिळवले असते? चातुर्मासात मुहूर्त नाहीत. तेव्हा आठवड्यात एखादी शॉर्टफिल्म, एखादं प्रॉडक्ट शूट, म्हणजे दीड दिवसाचे पावणेचार हजार आले तर डोक्यावरून पाणी. तेव्हा कुणी आठवडा मागितला तर तीन दिवसांच्या पैशांत, 7,500 ला, आनंदाने द्या. तुळशीचं लग्न लागलं की चित्र पालटतं. मे महिन्यातल्या मुहूर्ताच्या आठवड्यात तोच सेट सहज तीन-चार दिवस जातो. मग आठवड्याचा दर 10,000 च्या खाली नको, आणि पंचांगात लागोपाठ मुहूर्त असलेल्या आठवड्यात तर आठवड्याचा दर बोर्डावरून काढूनच टाका.

म्हणजे दोन दरपत्रकं लागतील. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण हॉल आणि केटरर पण हेच करतात, त्यामुळे लग्नवाल्यांना नवल वाटत नाही.

दुसरं, आठवडा कुठल्या वारी सुरू होतो ते बघा. सोमवारी सकाळी नेऊन पुढच्या सोमवारी सकाळी आणला तर तुमचा एकच शनिवार-रविवार गेला. शनिवारी संध्याकाळी नेऊन पुढच्या शनिवारी संध्याकाळी आणला तर दिवस तेवढेच, पण दोन्ही शनिवार मोडले. आमच्याकडे सीझनला आठवड्याचा माल शुक्रवारी सहापर्यंत परत आलाच पाहिजे असा नियम आहे. भटक्या_विमुक्त यांचे आठ दिवस बघा: त्यांना सवलतीचा दर हवा असेल तर रविवारी रात्री नेऊन पुढच्या सोमवारी द्यावा, नाहीतर दोन शनिवार-रविवारांचे पैसे वेगळे.

---

भटक्या_विमुक्त

आमची ट्रेन गुरुवारी आहे 😐

---

अमोल_सांगली

बरं, एक टक्का सोडला. पण दिवस म्हणजे काय हे कुणी सांगितलंच नाही. आमच्याकडे भांडणं त्यावरच होतात. 24 तास ना?

---

सुमेधा_पुणे

अमोल, चांगला मुद्दा काढलात. 24 तास हे शॉर्टफिल्मला आणि प्रॉडक्ट शूटला ठीक. लग्नाला नाही. आदल्या संध्याकाळी हळद, दुसऱ्या दिवशी लग्न, रात्री रिसेप्शन. संध्याकाळी सातला नेलेला कॅमेरा दुसऱ्या दिवशी सातला परत करायचा म्हणजे रिसेप्शनच्या स्टेजवरून उतरून यायचं. तो येत नाही, रात्री बाराला फोन करतो, "सकाळी देतो मॅडम". मग उशिराचे पैसे की माणुसकी यावर वाद.

म्हणून लग्नाचा वेगळा दर: संध्याकाळी सातला न्या, लग्न उरका, तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला आणा, दीड दिवसाचे पैसे. 3,750. हे दीडच का, तर लागोपाठचे मुहूर्त असले की एका लग्नाने तुमचा पुढचा दिवस अडतो. 12 तारखेचं लग्न करणारा 13 ला सकाळी परत देणार, आणि 13 तारखेच्या लग्नवाल्याला तो 12 ला संध्याकाळीच हवा. एकच सेट असेल तर दुसऱ्याला नाही म्हणावं लागतं. त्या नकाराचा काही भाग पहिल्याच्या बिलात यायला हवा.

उशिराचं म्हणाल तर दोन तास माफ, त्यापुढे अर्धा दिवस, सहा तासांपुढे पूर्ण दिवस. हे करारावर छापा, तोंडी सांगू नका.

---

मी_गिऱ्हाईक

भाड्याने घेणाऱ्याची बाजू कुणी मांडेल का? मी मुंबईत एका ठिकाणाहून लेन्स घेतली, डिपॉझिट भरलं. परत दिल्यावर काउंटरवरच्या पोराने बघितली, ठीक आहे म्हणाला. पंधरा दिवस डिपॉझिट नाही. मग निरोप आला, पुढच्या काचेवर ओरखडा आहे, 4,000 कापले. तो ओरखडा आधीचा होता! सिद्ध कसं करणार? तुम्ही सगळे दर ठरवताय, पण डिपॉझिट हा अनेकांचा दुसरा धंदा आहे.

---

सुमेधा_पुणे

तुमचं म्हणणं रास्त आहे. त्याला उत्तर एकच, देतानाच्या वेळचा व्हिडिओ. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पुढची काच, मागची काच, माउंट, सिरियल नंबर, दोन्ही कार्ड स्लॉट. मिनिटभराचं काम. व्हिडिओ गिऱ्हाईकाच्याच व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे त्याच्याकडेही तारीख-वेळेसकट राहतो. परत घेतानाही तसाच. आणि तपासणी गिऱ्हाईक समोर उभं असताना करायची: पांढऱ्या भिंतीचा एफ 16 वर फोटो, सेन्सरवरची धूळ दिसते. झाकण लावून एक लांब एक्सपोजर, डाग दिसतात. झूमची रिंग कानाशी धरून फिरवायची. सगळं ठीक तर डिपॉझिट तिथेच यूपीआयने परत. पंधरा दिवस ठेवणाऱ्याकडे जाऊ नका.

---

जोतिबाच्या_नावानं

कोल्हापुरातलाच आहे, म्हणून एक सांगतो. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला कॅमेरा दिलास तर परत येताना गुलाबीच येणार! गुलाल लई बारीक असतो. झूमच्या नळीत शिरतो, रिंग कचकच करते, आणि कापडाने पुसायला गेलास तर आणखी आत जातो. लेन्स पूर्ण उघडून साफ करावी लागते. हळदीलाही तेच, आजकाल हळद उधळतात. रंगाचे धुराचे फटाके वेगळेच. माझा एक मित्र यात्रा, होळी, हळद यांना दीडपट दर लावतो आणि रेनकव्हर सक्तीचं, ते भाड्यातच देतो. गुलाल दिसला तर साफसफाईचे पैसे डिपॉझिटमधून, रक्कम आधीच छापलेली. कुणी भांडत नाही.

आणि गणपतीच्या मिरवणुकीतला लेझर! त्याचा विचार केलास का?

---

राजारामपुरी_क्लिक

लेझरचं काय?

---

जोतिबाच्या_नावानं

अरे, लेझरचा झोत थेट लेन्समध्ये गेला की सेन्सर जळतो. प्रत्येक फोटोत एकाच जागी रेघ किंवा ठिपका, कायमचा. लेन्स बदल, सेटिंग बदल, हालत नाही. धूळ असती तर ब्लोअरने गेली असती. सेन्सर बदलायचा खर्च तुझ्या डिपॉझिटच्या कितीतरी पट.

---

सुमेधा_पुणे

बरोबर. आणि मिररलेसला जास्त धोका, कारण लाइव्ह व्ह्यूसाठी सेन्सर सतत उघडा असतो. आम्ही करारात लेझर शोचं वेगळं कलम घातलंय, आणि विसर्जन मिरवणुकीला फक्त जुनी बॉडी देतो.

आता डिपॉझिट. अमोल म्हणतात किमतीएवढं. साडेतीन लाख रोख बाजूला असलेला माणूस भाड्याने कशाला घेईल? दुसऱ्या टोकाला काही जण 1,000 घेतात, ते नुसतं समाधान. मी तीन गोष्टी वेगळ्या करते.

पहिली, उशीर. दुसरी, मोडतोड. तिसरी, मालच गायब. डिपॉझिट पहिल्या दोनपुरतंच असतं, आणि दुसरीतही फक्त नेहमीच्या मोडतोडीपुरतं: फुटलेला फिल्टर, हरवलेलं हूड, गेलेली बॅटरी, गुलालाची साफसफाई. तुमच्या सेटला दोन दिवसांचं भाडं 5,000 आणि किरकोळ दुरुस्तीचे 5,000, मिळून 10,000 डिपॉझिट. हा आकडा गिऱ्हाईकाला परवडतो आणि परत मिळवायची ओढही त्याला राहते.

आठवड्याला घेणाऱ्याकडून मी डिपॉझिट वाढवते, दर कमी असला तरी. दिवस जास्त म्हणजे पडायची, भिजायची संधी जास्त, आणि उशीर झाला तर कळायलाही उशीर. 15,000 घ्या.

लेझर, पाण्यात पडणं, चोरी यांना डिपॉझिट पुरणारच नाही, म्हणून ते दुसऱ्या मार्गाने बांधायचं: विमा, करार, सिक्युरिटी चेक, आणि माणूस कोण आहे ते नीट बघणं. ओरिजिनल आधार ठेवून घेण्याला अर्थ नाही. कार्ड ऑनलाइन पुन्हा मागवता येतं, ज्याला पळायचंय त्याचं तुमच्याकडच्या कार्डाने काय अडतं? पासपोर्ट तर सरकारची मालमत्ता, तो अडकवून ठेवूच नये. त्यापेक्षा वीजबिलावरचा पत्ता, त्याच्या इन्स्टाग्रामवरची जुनी कामं, आणि कोल्हापुरातल्या एका फोटोग्राफरचा हवाला बघा. तीन वर्षं लग्नाची कामं टाकणारा माणूस एका लेन्ससाठी गाव सोडत नाही. कालच उघडलेलं अकाउंट आणि "आज संध्याकाळीच हवा, सगळ्यात महाग लेन्स, आठवड्यासाठी, दर काहीही लावा" असं आलं की मी सेट बुक आहे म्हणून सांगते.

---

अमोल_सांगली

आरसी बुकाचं तरी मान्य करा 😄

माझ्याकडचा एक अनुभव. पावसाळ्यात एकाला आठवड्याच्या दरात कॅमेरा दिला, ट्रेकला जातोय म्हणाला. नंतर कळलं, इचलकरंजीत त्याने तो दुसऱ्यांना दिवसाच्या दराने फिरवला. माझ्या सवलतीवर त्याचा धंदा!

---

नागपूरचा_वाघोबा

हे होते. सीझन नसताना आठवडा स्वस्त केला की कोणीतरी मधला दलाल होतोच. शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले तो आकडा, देताना-घेताना लिहून ठेव. ट्रेकवाल्याचं एवढं वाढत नाही. इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटो काढले तर मात्र पत्ता लागणार नाही. करारात लिही की दुसऱ्याला दिला तर सगळे दिवस रोजच्या दराने. त्यातलं वसूल किती होईल ते सांगत नाही, पण पुढच्या वेळी त्याला नाही म्हणायला कारण मिळते.

---

सीए_कोथरूड

दोन ओळी हिशेबाच्या. भाड्यावर जीएसटी 18 टक्के, पण नोंदणी 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही. लक्षात ठेवा, उलाढाल स्टुडिओची आणि भाड्याची मिळून धरतात, एकाच पॅनवर आहेत ना दोन्ही. परत द्यायचं डिपॉझिट हे तुमचं उत्पन्न नाही, त्यावर कर नाही. पण त्यातलं भाड्यात वळतं केलंत की तेवढं बिलात येतं. म्हणून डिपॉझिट यूपीआयने घ्या आणि यूपीआयनेच परत करा, दोन्ही नोंदी समोर राहतात. रोखीच्या डिपॉझिटची वही मी बघितली आहे, ती बघून डोकं दुखतं.

सिक्युरिटी चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 138 लागू होऊ शकतं, पण बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. लोक महिनाभर फोन करत बसतात आणि मुदत घालवतात.

---

राजारामपुरी_क्लिक

सीए साहेब, चेकऐवजी क्रेडिट कार्डावर रक्कम अडवून ठेवता येत नाही का? हॉटेलवाले करतात तसं.

---

सीए_कोथरूड

येतं, पण पेमेंट गेटवेवर पैसे अडवून ठेवायची मुदत थोड्या दिवसांची असते. एक-दोन दिवसांच्या भाड्याला चालेल. आठवड्याला मुदत संपून पैसे आपोआप परत जायची भीती. गेटवे निवडताना आधी मुदत विचारा.

---

मी_गिऱ्हाईक

विद्यार्थ्यांचं काय? 10,000 डिपॉझिट ऐकून माझ्या भाचीने फिल्म करायचा विचार सोडला असता. तिच्याकडे चेकबुकही नाही.

---

सुमेधा_पुणे

विद्यार्थ्यांना आम्ही 5,000 वर देतो, पण सही पालकांची किंवा कॉलेजच्या विभागप्रमुखांची. विभागाच्या पत्रावर आलेला माल आजवर वेळेवर येतो. आणि त्यांना फ्लॅगशिप लेन्स न देता किट लेन्सचा सेट देते, दर 1,200. त्यांची फिल्म तेवढ्यातही चांगली होते.

---

जोतिबाच्या_नावानं

ताई, विम्याचं पण बोला की. सगळे म्हणतात विमा काढा. माझ्या मित्राचा क्लेम नाकारला.

---

सुमेधा_पुणे

हा सगळ्यात कटकटीचा भाग. घरगुती किंवा स्टुडिओच्या वापराची पॉलिसी असेल आणि माल भाड्याने जातोय हे कंपनीला लेखी कळवलं नसेल तर क्लेम अडतो. कळवलं तर हप्ता वाढतो. त्याहून मोठं म्हणजे, खिडकी फोडून चोरी झाली तर पॉलिसी उभी राहते, पण तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेला माल गिऱ्हाईकाने परतच केला नाही, तर अनेक पॉलिसींत तो अपवाद असतो. अपवादांचं पान आधी वाचा, एजंटचं बोलणं नंतर ऐका.

---

नागपूरचा_वाघोबा

आणि पोलिसांत गेलं तर ठाण्यात पहिले हेच म्हणतात, तुम्ही भाड्याने दिला ना, मग दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. विश्वासघाताची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली होते. पण करार, सिरियल नंबर, बिल आणि "माल मिळाला" असा त्याचा व्हॉट्सॲप, एवढं सोबत घेऊन जा, नाहीतर कोणी लिहूनच घेत नाही.

---

अमोल_सांगली

गायब झाला तर रक्कम कोणती धरायची? मी म्हणतो, बिलाची. नवीन घ्यायला तेवढेच लागतात.

---

सुमेधा_पुणे

मी आजच्या सेकंडहँड बाजारभावाची धरते, करारावर प्रत्येक वस्तूसमोर लिहिलेली असते. दोन वर्षं जुनी लेन्स हरवली म्हणून नव्याचे दीड लाख मागितले तर कुणीच देत नाही, आणि घसारा तर आपण भाड्यातून वसूल केलेलाच असतो.

---

अमोल_सांगली

पण सेकंडहँड लगेच मिळते कुठे? पुढच्या आठवड्यातली बुकिंगं कुणी भरून द्यायची? मला नाही पटत.

---

सुमेधा_पुणे

ती बुकिंगं हा वेगळा तोटा आहे, त्यासाठी करारात ठराविक दिवसांचं भाडं लिहा. दोन्ही एकत्र करून नव्याची किंमत मागू नका. पण मान्य, यावर दुकानदारांत एकमत नाही.

---

राजारामपुरी_क्लिक

मंडळी, खूप मिळालं. फळा असा लिहितोय, चूक असेल तर सांगा.

24-70 सकट सेट: दिवसाला 2,500, सकाळी दहा ते दुसऱ्या दिवशी दहा. लग्न: 3,750, आदल्या संध्याकाळी सात ते नंतरच्या दिवशी सकाळी दहा. आठवडा: चातुर्मासात 7,500, एरवी 10,000, सीझनला शुक्रवारी सहाच्या आत परत, मुहूर्ताच्या आठवड्यांत आठवड्याचा दर नाही. आठवड्याचा म्हणून नेऊन तिसऱ्या दिवशी आणून दिला तर उरलेल्याचे पैसे परत नाहीत. डिपॉझिट 10,000, आठवड्याला 15,000, यूपीआयने. नव्या गिऱ्हाईकाला चेक आणि हवाला. यात्रा, होळी, हळदीला दीडपट. लेझरला जुनी बॉडी, ती आधी घ्यावी लागेल.

एकच शंका. फळ्यावर 1,800 वाल्याच्या शेजारी माझा 2,500 दिसला तर?

---

जोतिबाच्या_नावानं

भावा, त्याच्याकडचा सेट परवा मी आणला होता. दोन बॅटऱ्या, त्यातली एक अर्ध्या तासात बसणारी. कार्ड नाही. तू तीन चांगल्या बॅटऱ्या, दोन कार्डं आणि रेनकव्हर धरून 2,500 लिही आणि ते फळ्यावर दराच्या खाली मोठं लिही. लग्नात एकदा बॅटरी बसलेला माणूस 700 रुपयांकडे बघत नाही.

---

सुमेधा_पुणे

आणि तिसऱ्या महिन्यात 70 दिवसांचा अंदाज बरोबर आहे का ते बघा. त्या वेगाने वर्षाला 40 च भरणार असं दिसलं तर दर कमी करून उपयोग नाही, दुसरा सेट घेऊ नका.

---

भटक्या_विमुक्त

मग गुरुवारचं काय ठरलं?